कोड न वाचणाऱ्याला कामाचा नमुना पाठवताना

वाचकाची प्रतिक्रिया: "नमुन्यासोबत 'हे का महत्त्वाचं' अशी ओळ लिहिणं म्हणजे निव्वळ जाहिरात. ज्याला कोड कळत नाही त्याला नमुना पाठवून उपयोग काय? गिटहबची लिंक द्यावी, बाकीचं मुलाखतीत दिसतंच."

नमस्कार. लिंक द्यायला माझी ना नाही, पण ती उघडतं कोण ते बघा. छोट्या कंपनीत अर्जांची पहिली चाळणी अनेकदा अकाउंट्सचे प्रमुख करतात. त्यांना तिथे नुसती फाइलींची यादी दिसते.

मी एका मुलीसोबत बसून तिचा असा अर्ज नीट केला होता, त्याचंच सांगते. तिने जीएसटीची बिलं जुळवणारा प्रोग्राम लिहिला होता. पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांचं २बी हे विवरण पोर्टलवर साधारण १४ तारखेला येतं, आणि दरमहा रिटर्न भरणाऱ्यांना ३बी सहसा २० तारखेपर्यंत भरायचं असतं. मधल्या दिवसांत खरेदीची वही २बीशी ताडून बघायची. जे बिल २बीत नाही, त्यावर भरलेल्या कराचं क्रेडिट त्या महिन्यात मिळत नाही.

तिची मूळ ओळ होती, "पायथन वापरून रिकन्सिलिएशन ऑटोमेट केलं." ती आम्ही बदलली: "कोणती बिलं २बीत आलेली नाहीत आणि त्यासाठी कोणत्या पुरवठादाराला फोन करायचा, ही यादी २० तारखेच्या आधी हातात येते." सोबत एक एक्सेल फाइल जोडली. ओळीत म्हटलेली यादी त्या फाइलीत खरंच आहे का, हे अकाउंट्सचा माणूस स्वतः बघू शकतो. म्हणून मी त्या ओळीला जाहिरात म्हणत नाही. फाइलीतली नावं आणि जीएसटी क्रमांक मात्र बनावट ठेवले होते. आधीच्या मालकाची खरी बिलं बाहेर पाठवणं हा विश्वासघात झाला असता.

खरी अडचण बिल क्रमांकांची होती. एकच बिल एकीकडे `INV/045`, दुसरीकडे `INV-45`. सुरुवातीला तिने फक्त अंक ठेवून आणि पुढची शून्यं काढून तुलना केली, तर एकाच पुरवठादाराची `A/12` आणि `B/12` ही दोन वेगळी बिलं एकच समजली गेली. मग तिने पुरवठादाराचा जीएसटी क्रमांक, तारीख आणि कराची रक्कमही जुळवायला घेतली, आणि तरीही शंका उरेल ती बिलं "हाताने तपासा" या वेगळ्या शीटवर टाकली. मेलमध्ये तिने तेही साध्या शब्दांत लिहिलं.

मुलाखतीत प्रमुखांनी पहिला प्रश्न त्याच शीटवर विचारला: "यात बिलं का अडकतात?" तिला ते आधीच माहीत होतं. गिटहबची लिंक मेलच्या तळाशी होती. ती तांत्रिक फेरीत उघडली गेली.