पाणी उभं, मी बसून

"म्हणजे तुम्ही घरी बसून पाण्याकडे बघणार?"

हा प्रश्न साहेबांनी मला भर ऑफिसात, केबिनचं दार सताड उघडं ठेवून विचारला. त्या क्षणापासून आमच्या मजल्यावर माझी ओळख पाण्याकडे बघणारी बाई अशी झाली आहे. घटना ताजी आहे आणि माझा राग अजून उतरलेला नाही, तेव्हा या लेखाकडून समतोलाची अपेक्षा ठेवू नये.

कारण साधंच होतं. आमच्या बाथरूमचं पाणी खालच्यांच्या छतात उतरतंय. फरशी उखडायची, नळाच्या लाइनी बदलायच्या, वॉटरप्रूफिंगचे कोट मारायचे आणि मग नवी फरशी. घरात दुसरं कुणी थांबणारं नाही. म्हणून काही दिवस घरून काम मागितलं. नुसतं मागितलं नाही, सोबत प्लॅन दिला. त्या प्लॅनबद्दल मी जरा बोलणार आहे, कारण दुसरं कुणी बोललेलंच नाही.

अशा अर्जात माणसं 'मी पूर्ण वेळ उपलब्ध राहीन' असं लिहितात. ते खोटं असतं, आणि वाचणाऱ्यालाही ते माहीत असतं. ब्रेकर मशीन भिंतीपलीकडे सुरू असताना कोण उपलब्ध राहतं? मी आधी कंत्राटदाराकडून त्याच्या वेळा काढून घेतल्या, म्हणजे तोडफोड कधी, प्लंबर कधी आणि मेन स्विच कधी बंद होणार. मग आमचं काम त्यावर बसवलं. तोडफोडीच्या सोमवारी चक्क रजा, कारण त्या दिवशी काम होत नाही, कामाचं सोंग होतं. प्लंबरच्या आणि कोटाच्या दिवशी घरून काम. सकाळचा कॉल साडेनऊला, मिस्त्री दहाला येतो त्याआधी. ठोकाठोकीच्या वेळेत लेखी कामं. ग्राहकांच्या तक्रारींची रांग शेजारच्या टेबलवरची मैत्रीण बघणार, आणि हे तिला आधी विचारून लिहिलेलं, प्लॅनमध्ये नाव वाचून तिला कळलेलं नव्हे. पंधरा मिनिटांत माझं उत्तर आलं नाही तर फोन तिला. शुक्रवारचा रिपोर्ट गुरुवारीच. वीज बंद असेल तेव्हा लॅपटॉप चार्ज केलेला आणि नेट मोबाइलवरून. मधले दिवस कोट नुसता वाळत असतो, तेव्हा मी ऑफिसात. आणि पुढच्या आठवड्यात दोन दिवस पुन्हा घरून, पाँडिंगसाठी, म्हणजे पाणी भरून ठेवून कोट गळतोय का ते बघायला.

साहेबांनी कागद हातात घेतला, पलटून मागची कोरी बाजू बघितली आणि म्हणाले, "सलग का नाही?"

"सर, कोट वाळल्याशिवाय पाणी भरता येत नाही."

"पण सिस्टिममध्ये तारखा सलगच भरता येतात."

आता सिमेंटला सिस्टिमप्रमाणे वाळायला कोण सांगणार? दोन अर्ज करते म्हटलं तर म्हणाले, दोन अर्ज म्हणजे दोन कारणं लागतील. त्यानंतर तो पाण्याचा प्रश्न आला. मी समजावायला सुरुवात केली की, नहाणी ट्रॅपला बूच मारतात, पाणी भरतात, पातळीची पेन्सिलने खूण करतात आणि अठ्ठेचाळीस तास तसंच ठेवतात.

इथे अकाउंट्सचे काका आत आले.

काका सहीसाठी आले होते. सही राहिली बाजूला. 'नहाणी ट्रॅप' हे शब्द कानावर पडताच त्यांनी फाइल टेबलावर ठेवली, खुर्ची ओढली आणि चष्मा कपाळावर चढवला. या माणसाने माझं प्रवासाचं एक बिल तारखेत खाडाखोड आहे म्हणून तीन वेळा परत पाठवलं होतं. त्याच्या आत इतका जिव्हाळा दडलेला असेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

"कोपऱ्यात वाटा मारलाय का?" त्यांनी मला विचारलं.

"अजून काम सुरूच झालेलं नाही, काका."

"मारायला सांगा. भिंत आणि जमीन काटकोनात भेटली की कोट तिथेच चिरतो. गोलाई पाहिजे." मग साहेबांकडे वळून, "सर, पाणी कधी मधून जात नाही. कोपऱ्यातून जातं, नाहीतर ट्रॅपच्या कडेने."

साहेब पुढे सरकले. प्लॅन वाचताना ज्या डोळ्यांत काहीही नव्हतं, तिथे चमक आली. त्यांच्याकडेही म्हणे गळतं.

"पण पातळी उतरली म्हणजे गळतंयच ना?" साहेबांनी विचारलं. माझ्या सगळ्या नोकरीत मी त्यांच्या तोंडून ऐकलेला हा पहिला नेमका प्रश्न.

"छे!" काकांनी माझा प्लॅन उलटा केला, माझंच पेन घेतलं आणि कोऱ्या बाजूवर ट्रॅपचं चित्र काढलं. "थोडं हवेनेच उडतं. जास्त उतरलं आणि खालचं छत कोरडं असलं, तर आधी बूच बघायचं. बूच सैल असलं की पाणी सरळ पाइपातून जातं, कोट बिचारा निर्दोष. बूच घट्ट आणि खाली ओल, मग मात्र कोट फसला. आणि हे फरशी बसवायच्या आधीच करायचं. नंतर कळलं तर सगळं पुन्हा उखडा."

"म्हणजे कुणीतरी तिथे असायला हवं," मी संधी साधली.

"हवंच!" काका गरजले. "गवंडी येतो, त्याला कोरडं हवं असतं, बूच काढून मोकळा होतो. मग म्हणतो, टेस्ट पास."

मला वाटलं, जिंकलो. साहेबांनी मान डोलावली, बूच किती इंची लागतं ते विचारलं, कंत्राटदाराचा नंबर मागितला आणि म्हणाले, "कळवतो."

मला खरा त्रास या 'कळवतो'चा आहे. ताप आला असं सांगितलं असतं तर ना प्लॅन लागला असता, ना चित्र. खरं सांगून, काम कुणावर पडेल याची सोय करून अर्ज दिला, तर चौकशी माझीच. आणि 'कळवतो' म्हणेपर्यंत कंत्राटदाराला तारीख देता येत नाही. तो तारीख धरून बसत नाही, दुसऱ्याचं काम घेतो. खालच्यांचं छत गळतच राहतं आणि ते जिन्यात भेटले की वर बघून नमस्कार करतात.

संध्याकाळी उत्तर आलं. सोमवारी घरून काम मंजूर, रजेची आवश्यकता दिसत नाही. पाँडिंगचे दोन दिवस नामंजूर, कारण 'सदर कालावधीत प्रत्यक्ष कोणतेही काम चालू नसल्याचे दिसते'.

म्हणजे ज्या दिवशी घरात माणसाला माणसाचं बोलणं ऐकू येणार नाही, त्या दिवशी मी घरून काम करायचं. आणि ज्या दोन दिवशी घरात टाचणी पडली तरी ऐकू येईल, त्या दिवशी ऑफिसात येऊन बसायचं, तिकडे गवंडी माझं बूच काढत असताना. दिवसांची अदलाबदल करा असं मी लगेच लिहिलं. त्यावर उत्तर नाही. काकांचा मेसेज मात्र आला, वाट्याला मसाला कमी पडू देऊ नका म्हणून. प्रवासाचं बिल अजून त्यांच्याकडेच आहे.

आत्ताच सोमवारच्या कॉलचं नवं आमंत्रण आलंय. साहेबांना सकाळी जमत नसल्याने साडेनऊचा कॉल साडेदहाला ढकललाय आणि सुरुवात मी करायची आहे. मी स्वीकारलंय. म्यूट करणार नाही.