सहा महिने निवांत झोपा

भाचीच्या लग्नात मामाकडून आंदण द्यायचं असेल, तर खरेदीला लग्नाच्या आठ दिवस आधी जा. मे महिना, दुपारचे बारा. यवतमाळ जिल्ह्यातलं ऊन डोक्यात शिरलं की माणसाला हिशेब सुचत नाही, आणि या खरेदीत हिशेब सुचणं घातक आहे. दुकानदार कूलरसमोर बसवेल, थंडगार पाणी देईल. सोफा, दिवाण, लोखंडी कपाट असा सेट दाखवेल आणि म्हणेल, "भाऊ, सहा महिने एक रुपया द्याचा नाही. कापूस निघाला का मंग पाहू. झिरो टक्के हाय, व्याजाचा तं विषयच नाही."

इथे मान डोलवा. मी डोलवली होती.

रोख भाव चुकूनही विचारू नका. रोख भाव ज्याच्याजवळ रोख आहे त्यानं विचारावा, आपला काय संबंध? मला सेट ४८,००० रुपयांचा सांगितला. बारा हप्ते, दरमहा ४,०००, पहिला नोव्हेंबरच्या ५ तारखेला. बारा चोक अठ्ठेचाळीस. पाढा बरोबर आला, म्हणजे व्याज शून्य. मी अंगठा टेकवायचा तेवढा बाकी ठेवला. सही येते म्हणून सही केली, एवढाच फरक.

मागच्या आठवड्यात शेजाऱ्याच्या घरी गेलो. तोच सोफा, तेच कपाट, दिवाणाच्या सनमायकाचा रंगही तोच. त्यानंही मे महिन्यातच, त्याच दुकानातून, लेकीसाठी घेतला होता. बिल दाखवलं. रोख, ३८,०००.

तेव्हा पुढचा सल्ला: शेजाऱ्यांकडे जात जाऊ नका.

आणि गेलातच, तर रात्री कागद-पेन्सिल घेऊन बसू नका. मी बसलो. वस्तू ३८,००० ची, मी भरणार ४८,०००, म्हणजे वरचे १०,००० हे व्याजच. ते फक्त किमतीच्या पोटात घातलंय. आता किती दिवसांचं? पहिला हप्ता सहाव्या महिन्यात, शेवटचा सतराव्यात, म्हणजे सरासरी साडेअकरा महिने उधारीचे पैसे माझ्याकडे राहिले. ३८,००० वर साडेअकरा महिन्यांचे १०,०००. सरळ व्याजानं शेकडा महिन्याला सव्वादोन रुपयांच्या थोडं वर, वर्षाला साडेसत्तावीस टक्के. बँकेच्या पद्धतीनं, दर हप्त्यागणिक मुद्दल कमी करत काढलं तरी पंचवीसच्या आसपास येतंच. गावात कोणी शेकडा दोन रुपयानं पैसे देतो म्हटलं, तर आपण त्याला सावकार म्हणतो आणि त्याच्या दारावरून जाताना मान वळवतो. इथे त्याच्या दुकानात थंड पाणी पिऊन आलो.

ते फुकटचे सहा महिने किती फुकट होते, तेही काढलं. याच दरानं हप्ते पुढच्याच महिन्यापासून सुरू केले असते, तर महिन्याला ३,६०० रुपयांच्या जवळपास बसले असते, एकूण साधारण ४३,३००. म्हणजे नुसतं थांबण्याचेच ४,७०० रुपये झाले. दुकानदार थांबत नाही राजेहो, तो थांबायचं भाडं घेतो.

कागद मात्र अवश्य मागा, मनाला बरं वाटतं. ऑक्टोबर २०२४ पासून अशा कर्जाला वार्षिक दर लिहिलेलं पत्रक द्यावं लागतं. माझ्याकडे आहे. त्यात दर शून्य, आणि आकडेमोड अगदी बिनचूक! कारण कर्जाची रक्कमच ४८,००० लिहिली आहे. फायनान्सवाली कंपनी दुकानदाराला त्यातून आपला वाटा कापून उरलेले पैसे आधीच देऊन टाकते, माझ्याकडून पूर्ण ४८,००० वसूल करते. ३८,००० हा आकडा त्या अख्ख्या कागदात कुठेच नाही. पायाच खोटा धरला की वरची भिंत ओळंब्यात राहते.

रिझर्व्ह बँकेनं १७ सप्टेंबर २०१३ लाच बँकांना लिहून कळवलं होतं, की शून्य टक्के व्याज अशी काही गोष्टच नसते, आणि वस्तूवर सूट असेल तर ती वजा करूनच कर्ज मोजा. असं काही वाचू नका.

शून्य टक्के आपल्याला परकं नाही, म्हणून तर आपण फसतो. सोसायटीचं ३ लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत भरलं की शून्य टक्क्यानं पडतं, डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावाची योजनाच आहे. पण तिथे व्याज असतंच, ते सरकार भरतं. मग फर्निचरच्या दुकानात कोण भरतं, असा प्रश्न मनात आला तर मठ्ठा प्या आणि झोपा.

हप्त्याची तारीख निवडू नका, ते निवडतील.

५ नोव्हेंबर निवडली. पहिल्या वेच्याचा कापूस ओला असतो हे दुकानदाराला माहीत नाही? सरकारी खरेदीत १२ टक्क्यांच्या वर ओलावा चालत नाही, आणि व्यापारी ओला म्हणून भाव पाडतो. म्हणून मी माल घरात वाळवत ठेवला. खात्यात ४,००० नव्हते. हप्ता परत गेला, कंपनीनं दंड लावला, बँकेनं आपला वेगळा. हे एका महिन्याचं. हप्ते आहेत नोव्हेंबर ते ऑक्टोबर. कापूस, तूर, असेल तर चणा, हे सगळं विकून होतं मार्च-एप्रिलपर्यंत. जून, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर? बियाणं, खत, फवारणी, निंदण. घरातून पैसा जायचा काळ, यायचा नाही. त्या चार महिन्यांचे १६,००० मी कुठून आणू? "कापूस निघाला का मंग पाहू" म्हणणाऱ्याला पगारी माणसाचा महिना माहीत आहे, आमचा नाही. नाही, चुकलो. आमचाही माहीत आहे. म्हणूनच तो मे महिन्यात असा गोड बोलतो.

आणि दिवाण. एका पावसाळ्यात त्याचे पाय खालून फुगले. वरून सनमायका, आत लाकडाचा भुसा दाबलेला पाट. पहिला हप्ता जायच्या आधीच भाचीच्या सासरी दिवाणाखाली विटा लागल्या. माझी बहीण फोनवर काही बोलली नाही, नुसतं "दादा, तेवढं दुकानात सांगजो" म्हणाली.

आता सल्ला-बिल्ला पुरे झाला. अरे, आपण जिनिंगवर क्विंटलमागे किलोभर कट्टी कापली तर काटा बंद पाडतो. कृषी केंद्रात बियाण्याच्या पाकिटावर वीस रुपये जास्त घेतले तर तासभर भांडतो. आणि फर्निचरच्या दुकानात दहा हजार जातात, तेव्हा तोंडात पाणी धरतो! का? लाज वाटते. रोख किती म्हटलं तर समोरचा म्हणेल, यांच्याजवळ आहेत कुठं रोख. म्हणू दे ना! आधी रोख म्हणून भाव कर, बिलाच्या कागदावर आकडा लिहून घे, आणि मग सांग का हप्त्यानं पाहिजे. दोन्ही आकड्यांची वजाबाकी चौथीतलं पोरगं करते. माझ्या खिशात त्या दिवशी मोबाइल होता, मोबाइलात कॅल्क्युलेटर होता, आणि मी त्या माणसाला कूलर जरा माझ्याकडे वळवायला सांगत होतो.