मुद्दा उजवीकडून कापावा

बायोडेटातला मुद्दा दुसऱ्या ओळीवर सांडला की घाबरायचं नाही. फाँट ११चा ९ करा, दोन्ही बाजूंचे समास खाऊन टाका. वाचणारा चष्मा घेऊन बसलेलाच असतो. तरीही दोन शब्द खाली लोंबत राहिले, तर उजवीकडून कापत या. इंग्रजी मुद्द्यात निकाल बिचारा ‘रिझल्टिंग इन’च्या मागे, अगदी शेवटी उभा असतो. पहिल्याच फटक्यात तो उडतो आणि ओळ कशी सुटसुटीत होते!

माझ्या एका मित्राने असं केलं नाही, म्हणून त्याची गोष्ट सांगतो. तो गोदामात आहे. मूळ मुद्दा, मराठीत सांगायचा तर, असा होता: ‘गोदामातून माल रवाना करण्याच्या संपूर्ण प्रक्रियेची जबाबदारी यशस्वीपणे सांभाळली व विविध विभागांशी समन्वय साधून बारकोड पद्धत राबवली, ज्यामुळे ऑर्डर रवाना व्हायला लागणारा वेळ ३ दिवसांवरून १ दिवसावर आला.’

आपल्या पद्धतीने उरतं: ‘गोदामातून माल रवाना करण्याच्या संपूर्ण प्रक्रियेची जबाबदारी यशस्वीपणे सांभाळली.’ बसलं की नाही? जबाबदारी होती, एवढं कळलं. ती वॉचमनकडेही असते म्हणा.

मित्राने मात्र उलट्या टोकाकडून सुरुवात केली. आधी ‘३ दिवसांवरून १’च्या खाली रेघ मारली. मग स्वतःलाच विचारलं, हे झालं कशामुळे? बारकोडमुळे. तेही ठेवलं. उरलेल्या शब्दांची त्याने उलटतपासणी घेतली. ‘यशस्वीपणे’ कशाला, ३चा १ झाला हे दिसतंय ना? ‘जबाबदारी सांभाळली’? पद्धत आणली म्हणजे सांभाळलीच असणार. ‘विविध विभाग’ कोणते, हे त्याचं त्यालाच आठवेना. तेही गेले. राहिलं ते असं:

‘गोदामात बारकोड आणून ऑर्डर रवानगीचा वेळ ३ दिवसांवरून १ दिवसावर आणला.’

मी म्हटलं, ‘६७ टक्के घटवला’ लिही, आणखी आखूड होईल आणि भारीही वाटेल. तर म्हणतो, ३ मिनिटांचं १ मिनिट केलं तरी ६७ टक्केच होतात! एवढी मोठी टक्केवारी हातची घालवली. वर आणखी कहर म्हणजे, काटछाट करता करता काम आपण एकट्यानेच केलं असं वाटायला लागलंय, हे त्याच्या लक्षात आलं. ‘चौघांच्या टीमसह’ असं पुढे जोडून त्याने पुन्हा मोजलं. ओळ तरीही पुरली. आपल्यातला कोणी असता तर ‘नेतृत्व केलं’ लिहून जागाही वाचवली असती.

मुलाखतीत पहिलाच प्रश्न आला: ‘३ दिवसांचा १ कसा केलात?’ बोलत बसला अर्धा तास. तुम्हाला ही कटकट नको असेल, तर कात्री उजवीकडेच लावा. जबाबदारी कशी सांभाळली, असं कोणी विचारत नाही. चहाही बहुधा सांगत नाहीत.