झोप हातामुळे मोडते आणि पट्टा मानेला!

आज डोकं फिरलंय, म्हणून जरा लांबलचक लिहितेय.

तासगावकडच्या एक मावशी आल्या होत्या. द्राक्षाच्या विरळणीला जातात, घरी दोन म्हशींची धार. वर्षभर रात्री दोन-अडीचला उजवा हात बधिर होऊन जाग येते. उठून हात झटकला की थोड्या वेळात बरं. पिशवीत काय निघालं? मानेचा एक्स-रे, मानेचा पट्टा आणि बी-ट्वेल्व्हच्या इंजेक्शनांच्या चिठ्ठ्या. हाताला कुणी हातच लावला नव्हता.

अहो, "कुठली बोटं?" एवढं विचारायला किती वेळ लागतो? मावशींनी पटकन दाखवलं: अंगठा, त्याच्या शेजारची दोन आणि अनामिकेची अर्धी बाजू. करंगळीला काही नाही. हे मनगटातल्या नसेचं गणित आहे, कार्पल टनेल. खाली हाडांची खोबण, वर जाड पट्टी, आणि मधल्या चिंचोळ्या जागेतून बोटं मिटणारे नऊ दोर आणि ही एक नस जाते. दोरांभोवतीचं अस्तर सुजलं की जागा तेवढीच राहते आणि नस चेपते. झोपेत आपण मनगट दुमडून हात उशीखाली घालतो, दाब आणखी चढतो. म्हणून हे दुखणं रात्री उठवतं.

बरं, मान्य. मान आणि मनगट दोन्ही बिघडलेली माणसंही असतात. पण मानेत नस दबली असेल तर कळ सहसा खांद्यातून दंडात उतरते, मान वळवली की वाढते. आणि बी-ट्वेल्व्ह कमी असेल तर मुंग्या बहुधा पायांपासून सुरू होतात. मावशींचं यातलं काहीच नव्हतं.

खरा संताप पुढे आहे. मनगटाचा पट्टाही त्यांनी मेडिकलमधून घेतला होता, पण तो दिवसा कामावर घालायच्या आणि "रात्री हाताला जरा मोकळं" म्हणून काढून ठेवायच्या. अगदी उलटं! मी पट्टा हातात घेतला तर आतली धातूची पट्टी वर वाकवलेली. अशा पट्ट्यात मनगट मागे झुकलेलं राहतं. आपल्याला ते सरळ हवं, कारण त्या जागी आतला दाब सगळ्यात कमी असतो. ती पट्टी खिशातून बाहेर निघते. टेबलाच्या कडेला दाबून ती सरळ करायची आणि परत घालायची. पंजा आणि कोपरापुढचा हात एका रेषेत आला पाहिजे. पट्ट्याचं पुढचं टोक तळहातावर बोटांखालच्या घडीच्या अलीकडेच संपावं, मूठ पूर्ण मिटली पाहिजे. बंदाखाली एक बोट सरकेल इतकाच घट्ट. सकाळी खोल वळ दिसले किंवा मुंग्या वाढल्या तर तो आवळलाय. सुरुवातीच्या त्रासात हा पट्टा रोज रात्री, निदान सहा आठवडे घालायचा. चार रात्रींत "काही फरक नाही" म्हणून फेकायचा नाही.

मावशींना काय बोलणार? वापरायचा कसा हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

मग दोन्ही तळवे शेजारी ठेवायला सांगितले, आणि माझा आवाज जरा खाली आला. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी जो मांसल उंचवटा असतो तो बसलेला. ब्लाउजचे हूक लागत नाहीत, विरळणीची कात्री हातातून सुटते. इथे नुसत्या पट्ट्यावर थांबायचं नसतं. मनगटात दिलेल्या स्टिरॉइडच्या इंजेक्शनने सूज उतरते, काही आठवडे किंवा महिने बरं वाटतं, पण स्नायू वाळायला लागल्यावर त्यावर वेळ काढणं महागात पडतं.

म्हणून एनसीव्ही, म्हणजे नसेच्या वेगाची तपासणी. मनगटाला आणि कोपराला बारीक करंट देऊन नसेतून तो किती वेळात पोचतो ते मोजतात आणि त्याच हाताच्या करंगळीकडच्या नसेशी ताडून बघतात. हात गार असेल तर करंट उगाच मंद दिसतो, म्हणून आधी हात गरम करून घ्यावा. ठरलेली बोटं, रात्रीचा त्रास आणि ताकद शाबूत, अशा प्रत्येकाला ही तपासणी लागत नाही. शंका असेल, पट्ट्याने भागलं नसेल किंवा ऑपरेशनचा विचार असेल तेव्हा करावी. सुरुवातीला रिपोर्ट नॉर्मलही येतो, त्यावरून बाईचं दुखणं खोटं ठरवू नका. शुगर आणि थायरॉइड मात्र बघून घ्या.

"ऑपरेशन केलं की हात कायमचा जातो," इति मावशींच्या जाऊबाई. तेवढाच हात बधिर करून मनगटातली ती नसेवरची जाड पट्टी कापतात, बहुतेक जण त्याच दिवशी घरी जातात. टाके दहा ते चौदा दिवसांनी निघतात. रात्रीची जाग बहुधा लवकर थांबते. सतत बधिर असलेली बोटं जागी व्हायला महिने लागतात आणि वाळलेला स्नायू पूर्ण भरेलच असं नाही. तळव्याच्या मुळाशी दाबलं की काही महिने दुखतं, म्हणजे धार काढताना ते जाणवणारच. तेवढे दिवस म्हशी दुसऱ्या कुणीतरी बघाव्या लागतील.

"माल निघेपर्यंत थांबलं तर?" मावशींनी विचारलं. नाही म्हटलं. तपासणी याच आठवड्यात, रिपोर्ट घेऊन हाताच्या सर्जनकडे, आणि तोवर सरळ केलेला पट्टा रोज रात्री.