काका, प्रिंट खराब यायलीय

काल भर दुपारी, रस्त्यावर चिटपाखरू नसताना, मोबाइलवर एक फोटो आला. फोटोत काळ्या रंगाचे काहीतरी होते, त्याच्यामागे त्याहून काळे काहीतरी होते आणि मधोमध फ्लॅशचा पांढरा गोळा होता. खाली मजकूर एवढाच : ‘काका, प्रिंट खराब यायलीय. काय करू?’ थ्री-डी प्रिंटर कोणता, फिलामेंट म्हणजे प्लॅस्टिकची तार कोणती, ती वितळवून सोडणारे नोझल किती अंशांवर होते, हे सगळे मला अंतर्ज्ञानाने कळणार, अशी या पोराची खात्री असावी.

पोरगा ओळखीच्या यंत्रमागवाल्यांचा आहे आणि मागावर सुताचे कोन ठेवण्यासाठी लागणारे स्टँड तो स्वतः थ्री-डी प्रिंटरवर काढतो, याचे मला कौतुकच आहे. म्हणून तर उत्तर दिले. ‘सेटिंग काय ठेवली आहेत?’ या प्रश्नावर ‘नॉर्मल’ असे उत्तर आले. हा शब्द वाचला की माझे डोके फिरते. नॉर्मल म्हणजे कोणाचे नॉर्मल? पीएलए हे प्लॅस्टिक कोणी 195 अंशांवर वितळवतो, कोणी 220 वर, आणि दोघेही छातीठोकपणे नॉर्मल म्हणतात. ही सेटिंग जिथे ठरतात त्या स्लायसर सॉफ्टवेअरच्या पडद्याचा फोटो काढून पाठवायला जेवढा वेळ लागतो, तेवढाच वेळ ‘नॉर्मल’ टाइप करायला लागतो.

मग दोष नेमका काय, हे काढून घेणे सुरू झाले. दात काढणे त्यापेक्षा सोपे. ‘खराब’ म्हणजे थर सुटले, की भिंतीत भोके पडली, की कोपरे खालच्या तापत्या पाटावरून, म्हणजे बेडवरून, उचलले गेले? काळ्या वस्तूवर समोरून फ्लॅश मारला की थरांच्या रेषा पूर्ण पुसल्या जातात. तीच वस्तू खिडकीशी आडवी धरून, बाजूने उजेड घेऊन आणि शेजारी पट्टी ठेवून फोटो काढला, तर निम्मे निदान फोटोतच होते. हे मी या गावात किती जणांना सांगितले असेल! एकाने मला एकदा फ्लॅश मारून व्हिडिओ पाठवला, तोही हलता.

आवाज चढलेला ऐकून आमच्या घरातून टोमणा आला : ‘मशीनच्या आधी तुमचंच डोकं तापलंय, तुम्हाला लावायचा का तो पंखा?’ उकाड्यात एका पोरावर खेकसणारा, अंगावर फक्त बनियन असलेला तज्ज्ञ बाहेरून कसा दिसत असेल, याची कल्पना येऊन मी पाणी प्यालो आणि सभ्य भाषेत पुन्हा विचारले.

अखेर बाजूच्या उजेडातला फोटो आला आणि चित्र बदलले. स्टँडची सुरुवातीची सुमारे 60 मिमी उंची अगदी स्वच्छ होती. त्याच्या वर थर विरळ होत गेले होते, भिंतीतून पलीकडचा उजेड दिसत होता आणि शेवटी तर नुसते जाळे उरले होते. ‘तेव्हा एक्सट्रूडर टिकटिक वाजतो,’ हे पोराने आता, इतक्या उशिरा सांगितले. अरे, हे पहिल्या ओळीत यायला हवे होते! टिकटिक म्हणजे एक्सट्रूडरची मोटर फिलामेंट ढकलते आहे आणि पुढे वाट बंद आहे. सेटिंगचे आकडेही आले : नोझल 0.4 मिमी व 210 अंश, बेड 60 अंश, थर 0.2 मिमी, आणि नळीतून फिलामेंट ढकलणारा प्रिंटर असल्याने रिट्रॅक्शन, म्हणजे नोझल जागा बदलताना फिलामेंट मागे खेचणे, 6 मिमी.

आता प्रश्न असा की दोष उंचीचा आहे की वेळेचा. 60 मिमीवर यंत्राचा उभा दांडा अडखळत असेल, तर दोष प्रत्येक वेळी 60 मिमीवरच दिसेल. पण दोन-अडीच तास चालल्यावर काहीतरी तापून बिघडत असेल, तर दोन स्टँड एकदम काढायला लावावेत : प्रत्येक थराला दुप्पट वेळ लागतो, म्हणून दोष निम्म्या उंचीवर यायला हवा. रात्री त्याने दोन स्टँड लावले आणि दोष 30 मिमीच्याही थोडा खालीच आला. तंतोतंत निम्मा आकडा येत नाही, कारण एका नगाकडून दुसऱ्याकडे जाताना रिट्रॅक्शनही वाढतात.

म्हणजे वेळेचा दोष, म्हणजे उष्णतेचा. पण तापते काय? मोटर तापून अशक्त झाली तरी लक्षणे अशीच दिसतात. म्हणून मी त्याला अडकलेले फिलामेंट मागे ओढून, त्याच्या टोकाचा फोटो पाठवायला सांगितले. 1.75 मिमी जाडीचे फिलामेंट टोकाच्या मागे बोटाच्या पेराएवढ्या लांबीत फुगून नळीच्या आतल्या 2 मिमी व्यासाला भिडले होते. याचा अर्थ ते जिथे थंड आणि कडक राहायला हवे होते, तिथेच मऊ झाले होते. पीएलए 60 अंशांच्या आसपास मऊ पडते. नोझलच्या वरच्या भागात जाळीदार ॲल्युमिनियम आणि त्यावरचा छोटा पंखा असतो, तो हीच उष्णता वर चढू नये म्हणून. त्यात 6 मिमीचे रिट्रॅक्शन वितळलेले प्लॅस्टिक वारंवार वर खेचून त्याच जागी नेऊन चिकटवते.

‘पंखा फिरतोय काका,’ असे उत्तर. फिरतोय ना, पण हवा कसली ओढतोय? मी संपूर्ण प्रिंटरचा, तो ठेवलेल्या जागेसकट फोटो मागितला, जो खरे तर सर्वांत आधी यायला हवा होता. प्रिंटर मागांच्या खोलीला लागून होता. धूळ बसू नये म्हणून त्यावर चारही बाजूंनी बंद पेटी चढवली होती, आत 60 अंशांचा बेड, बाहेर सोलापूरचा मे महिना. आणि पेटी बसवण्याआधीच त्या छोट्या पंख्याच्या जाळीवर सुताच्या लवेचा असा पांढरा थर बसला होता की पाती दिसतच नव्हती. एवढी लव गोळा केली असती तर एक वात वळता आली असती.

पेटीचे दार उघडे ठेवणे, ब्रशने पंखा साफ करणे, बेड पहिल्या काही थरांनंतर 50 वर आणणे, नोझल 200 अंश आणि रिट्रॅक्शन 4.5 मिमी. हे सगळे एकदम करू नकोस, आधी फक्त पंखा आणि दार, असे मी तीनदा बजावले. कारण एकाच वेळी पाच आकडे बदलून ‘जमलं’ म्हणणाऱ्यांना पुढच्या वेळी कशामुळे जमले होते ते सांगता येत नाही. त्याने अर्थातच पाचही बदलले. रिट्रॅक्शन कमी केल्याने नगावर बारीक तारा सुटल्या आहेत, पण भिंती भरीव आल्या.

आज सकाळी त्याच्या वडिलांचा फोन आला. शेजारच्या कारखान्यातल्या एका जाणकारांनी परवाच बेड लेव्हल करून दिला होता, त्यामुळेच प्रिंट सुधारली, असे ते आनंदाने सांगत होते.