सल्लागार मंडळाचं इतिवृत्त: कुणालाही काही सापडू नये, यासाठी

ग्राहक सल्लागार मंडळाची बैठक संपली, बाराही ग्राहक निघून गेले आणि इतिवृत्ताचं काम तुमच्या गळ्यात पडलं. घाई करू नका. दोन दिवसांत लिहायला बसलात, तर कोण नेमकं काय म्हणालं ते आठवतं आणि सगळा घोळ तिथेच होतो. तीन आठवडे जाऊ द्या.

आधी अभिप्राय. समजा, ऑडिट लॉग, म्हणजे कुणी केव्हा काय केलं याच्या नोंदी, बाहेर काढता येत नाही, अशी तक्रार सात जणांनी केली. त्यातल्या पाच जणांना लेखापरीक्षकाला देण्यासाठी रोज रात्री एक सीएसव्ही फाइल हवी आहे. उरलेल्या दोघांना प्रत्येक नोंद घडताक्षणी आपल्या सुरक्षा यंत्रणेत हवी आहे. पहिलं काम ठरल्या वेळी चालणाऱ्या जॉबचं. दुसऱ्यात डेटा सतत वाहता ठेवायचा, जोडणी तुटली की राहिलेल्या नोंदी पुन्हा पाठवायच्या. म्हणजे मागण्या दोन. तुम्ही लिहा, ‘रिपोर्टिंग अधिक सक्षम व्हावे, असा सूर उमटला.’ सूर किती जणांचा, हे गुलदस्त्यात राहू द्या. म्हणजे ज्याचा आवाज मोठा, त्याचीच मागणी सर्वांची ठरते.

मग आश्वासनं. प्रॉडक्ट मॅनेजर बैठकीत म्हणाल्या होत्या, “रोजची सीएसव्ही ३० सप्टेंबरपर्यंत देऊ. मागच्या ९० दिवसांच्या नोंदी असतील आणि ती फक्त अ‍ॅडमिनला दिसेल.” हे जसंच्या तसं उतरवणं म्हणजे पायावर धोंडा. ‘लॉगची सुविधा तिसऱ्या तिमाहीत’ एवढं पुरे. जानेवारीत वर्ष सुरू करणारा सप्टेंबरअखेर वाट पाहील, एप्रिलवाला डिसेंबरअखेर, आणि दोघेही स्वतःला बरोबर समजतील. जबाबदार व्यक्तीच्या जागी ‘टीम’ लिहा. टीम कधी रजेवर जात नाही.

खरी कसोटी मात्र ‘आश्वासन दिलेले नाही’ या रकान्याची. त्या दोघांना हव्या असलेल्या नोंदींच्या थेट प्रवाहाबद्दल प्रॉडक्ट मॅनेजर स्पष्ट म्हणाल्या होत्या की हे या वर्षी होणार नाही, कारण सध्याची साठवण त्या वेगाला पुरत नाही आणि पुढच्या मार्चआधी यावर पुन्हा विचारही होणार नाही. इतकं कोरडं वाक्य छापणं बरं दिसत नाही. रकानाच उडवा आणि लिहा, ‘सकारात्मक विचार सुरू आहे.’ विक्री विभाग ते वाक्य उचलून त्या दोघांपैकी एकाच्या नूतनीकरणाच्या प्रस्तावात डकवेल. मग लेखा विभागातून फोन येईल. ठरावीक सुविधा देण्याचा शब्द, मग तो सूचित का असेना, आयएफआरएस १५ या महसुलाच्या लेखा मानकानुसार वेगळं दायित्व ठरू शकतो आणि त्याच्या वाट्याचा महसूल ती सुविधा देईपर्यंत पुढे ढकलावा लागतो. त्यांना सांगा, बैठक छान झाली होती.

पुढच्या बैठकीत ते दोघे तुमचाच कागद पिवळ्या रेघा मारून आणतील. “हे देणार नाही असं आम्ही सांगितलं होतं,” असं प्रॉडक्ट मॅनेजर म्हणतील. “कुठे लिहिलंय?” असं विचारलं, की पहिल्या पानापासून शांतपणे शोधायला लागा.