"कैसे हैं सर?" म्हटलं की फोन कटतो

भाचा इंदूरच्या सांवेर रोडवरून नमकीनवाल्यांना छापील पाउच पुरवतो. चार माणसांची फर्म. परवा पोह्यांची बशी घेऊन बसला आणि म्हणाला, "मामा, रोज 60 फोन करतो, कोणी ऐकूनच घेत नाही. स्क्रिप्ट बघता का जरा?" मी 18 वर्षं फोनवर माल विकलाय, त्यामुळे नाही म्हणवेना.

सुरुवात अशी: "नमस्कार सर, कैसे हैं आप? हम मध्य भारत की अग्रणी पैकेजिंग कंपनी से बोल रहे हैं." (चार जण कधी अग्रणी झाले, ते तोच जाणे.) अनोळखी माणसानं ख्यालीखुशाली विचारली की दुकानदार सावध होतो. त्याला कोण, कुठून आणि मलाच का, एवढंच कळायला हवं असतं. मी लिहून दिलं: "सांवेर रोड से बोल रहा हूँ, पाउच छापता हूँ. आपका सेव का पैकेट देखा, सील के पास तेल आया था. दुकानों से ऐसा माल वापस आता है क्या?"

यात दोष दिलेला नाही, विचारलंय. कारण सेवेचा चुरा सीलमध्ये अडकला तरी तेल झिरपतं, तेव्हा चूक पाउचची की भरणाऱ्या मशीनची, हे फोनवर कळत नाही. आणि पाकीट खरंच बघितलेलं पाहिजे. मग दिवसाला 60 नाही, 15च फोन होतील. होऊ देत.

पुढचं वाक्य वाचून तर मीच फोन ठेवला असता: "सर, आज ही बुक करें तो 10 टक्का छूट, 50 किलो भेज दूँ?" छापील पाउचला डिझाइन लागतं, प्रत्येक रंगाचा वेगळा छपाईचा सिलेंडर लागतो. कोण पहिल्याच फोनवर हो म्हणेल? या फोनमधून मागायचं काय, तर सॅम्पल दाखवायला 10 मिनिटं.

आणि "हमारा सप्लायर है" याला स्क्रिप्टमध्ये उत्तरच नव्हतं! भाचा तिथे "पर सर हमारा रेट…" म्हणून वाद घालायचा. अरे, सप्लायर असणारच, पाउचशिवाय तो सेव विकतो कशात? म्हणायचं, "अच्छा है, उन्हें रहने दीजिए. दिवाली से पहले माल टाइम पर मिल जाता है?" अडचण असली तर तो स्वतःच बोलतो. नसली तर आभार मानून ठेवायचा. "रेट बता दो" म्हणाला, तर आधी जाडी, रंग किती आणि महिन्याचा माल विचारायचा. त्याशिवाय सांगितलेला आकडा एक तर महाग वाटतो, नाहीतर नंतर अंगाशी येतो. दुसऱ्यांदा "नहीं चाहिए" आलं की वहीत फुली, पुन्हा फोन नाही.

बाकी सगळं ऐकलं त्यानं. 10 टक्क्यांचं वाक्य मात्र अजून खोडलेलं नाही, म्हणतो, "पार्टनरला विचारतो."